फोटोवरून खारफुटी ओळखून देणारी सेवा: काही महिने वापरल्यानंतर

खारफुटीचे फोटो पाठवले की संभाव्य नावं शक्यतेच्या क्रमाने कळवणारी ही व्हॉट्सअ‍ॅपवरची सेवा मी उन्हाळ्यापासून वापरतोय. हौशी लोक चालवतात, उत्तरं बहुतेक वेळा वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका देतात. उत्तराला उशीर होतो, रविवारी तर विचारूच नका. तरी मी टिकून आहे, कारण फोटोत दम नसेल तर बाई ओढूनताणून नाव देत नाहीत.

आमच्या वॉक ग्रुपमधल्या एकाने भांडुप पंपिंगच्या रस्त्यावरून झूम करून एक झाड टिपलं होतं. हिरवा ढिगारा, त्यात फोकस मागच्या चिखलावर. उत्तर आलं: ‘तिवर की चिप्पी, एवढंही यातून ठरत नाही. क्रम लावला तर तो अंदाजपंचे होईल. ओहोटीला मुळांचा फोटो घ्या, पानाच्या दोन्ही बाजू घ्या, फळ असेल तर शेजारी नाणं धरा.’

त्याने लगेच आणखी तीन फोटो पाठवले. स्पष्ट होते, पण तिन्ही एकाच फांदीचे, एकाच बाजूने. बाईंनी सरळ लिहिलं की हे तीन मिळून एकच फोटो.

प्रत्येक फोटो का हवा हे त्या सांगतात, ते मला सगळ्यात आवडलं. चिखलातून वर आलेली श्वसनमुळं पेन्सिलीसारखी बारीक असली तर तिवर. जाड आणि शंकूसारखी असली तर चिप्पी. हा पहिला फाटा मुळांवर सुटतो. पुढे तिवरातही दोन जाती जवळच्या: अ‍ॅव्हिसेनिया मरिना आणि अ‍ॅव्हिसेनिया ऑफिसिनॅलिस. मरिनाचं पान टोकाला निमुळतं, खालून राखाडी-पांढरट. ऑफिसिनॅलिसचं टोक गोलसर, फळही मोठं आणि चोच असलेलं. वरून पान कितीही सुंदर टिपा, खालचा रंग त्यात येणार कुठून?

पुढच्या ओहोटीला तो पुन्हा गेला. फांदी न तोडता पान हातावर उलटं करून फोटो घेतला, शिवाय मुळांचा आणि नाण्याशेजारच्या फळाचा. मग क्रम आला: मरिना पहिली, ऑफिसिनॅलिस बरीच मागे, चिप्पी बाद. ठाणे खाडीच्या या पट्ट्यात मरिनाच जास्त, म्हणून उत्तर सोपं वाटेल. पण बाईंचं म्हणणं, जागेवरून नाव ठरवलं तर वेगळं झाड कधी सापडणारच नाही.

एक तक्रार आहे. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, तेव्हा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा लागतो. ही सूचना पहिल्याच मेसेजमध्ये हवी, ती अजून तिसऱ्या-चौथ्या फेरीला मिळते.