आधी ऑर्डर तपासावी की तक्रार?

दुकानाला आलेले संदेश एकामागून एक प्रश्न विचारून योग्य विभागाकडे पाठवणाऱ्या निर्णयवृक्षात संदेश पहिल्या जुळणाऱ्या फांदीवर थांबतो, म्हणून प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. हा संदेश घ्या: ‘मागच्या वेळचे दोन दिवे फुटके निघाले, दोन परत पाठवा.’

पहिला प्रश्न ‘वस्तू, संख्या आणि “पाठवा” आहे का?’ असा असेल, तर हा संदेश सरळ विक्री विभागाकडे जातो. तिथे नवी ऑर्डर नोंदली जाते आणि ग्राहकाला फुटक्या मालाच्या बदल्यात दुसरं बिल मिळतं. साध्या ऑर्डरी मात्र झटपट सुटतात.

‘फुटके, चुकीचे, मिळाले नाही, तक्रार’ हे शब्द आधी तपासले, तर तोच संदेश तक्रार विभागाकडे पोहोचतो. इथेही गफलत होते: ‘काही तक्रार नाही, तेच दोन पाठवा’ हाही तिथेच अडकतो, कारण नुसता शब्द जुळवताना नकार दिसत नाही. पण तिथला माणूस तो वाचून पुढे ढकलतो. नुकसान थोड्या उशिराचं. म्हणून मी तक्रारच आधी ठेवेन.

स्पॅमची चाचणी सर्वांत वर असली, तरी ओळखीच्या ग्राहकाला तिच्यातून वगळावं, नाहीतर लिंक असलेली खरी ऑर्डर गडप होते. कुठलाच नियम जुळला नाही, तर संदेश चौकशी विभागाकडे जावा. प्रत्येक विभागातून हाताने किती संदेश हलवावे लागतात ते मोजा. चुकणारी फांदी तिथेच सापडते.