बिलावर एसडीआर ११, भिंतीत एसडीआर १३.५

नव्या बाथरूमच्या गरम पाण्याच्या लाइनसाठी पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपचे ३ मीटरचे १४ नग, ३२ एल्बो आणि ९ टी घेतले. बिलावर सगळं एकाच नावाजलेल्या ब्रँडचं, पाइप एसडीआर ११. प्रत्यक्षात माझ्या गळ्यात मारला एसडीआर १३.५, आणि फिटिंग तर भलत्याच कुणाचे.

एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी; आकडा मोठा तितका पाइप पातळ. दोन्ही पाइपचा बाहेरचा व्यास सारखाच, २२.२ मिमी. त्याला ११ ने भागा, जाडी येते २ मिमी, १३.५ ने भागा, १.६४. बाहेरून काय कप्पाळ कळणार? दुकानदाराने कॅटलॉगमधला दाब सोसण्याचा २८ बारचा आकडा दाखवला. तो २३ अंशांचा! ८२ अंशांना तोच एसडीआर ११ पाइप ७ बारवर येतो आणि १३.५ चा त्याहून खाली. गरम लाइनसाठी आकडा विचारायचा तो ८२ अंशांचाच.

पण खरा घात केला एल्बोंनी. सोल्यूशन लावण्याआधी पाइप कोरडाच घालून बघितला, तर चांगल्या एल्बोत तो एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जाऊन घट्ट अडतो. आमच्याकडे तो सर्रकन तळापर्यंत गेला, वर खुळखुळला. मी समोरच उभा होतो. प्लंबर म्हणाला, "बसतंय मस्त, सोल्यूशन पकडेल." सोल्यूशन पकडत नाही हो! ते दोन पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं, फट बुजवत नाही. पण वीस वर्षं हेच काम करणारा माणूस सांगत असताना गिऱ्हाइकाने कोणत्या तोंडाने अडवायचं?

टाकी १० मीटर वर, म्हणजे जेमतेम १ बार. तेवढ्यावर चाचणी "पास". गिझर सुरू झाला, पाइप रोज तापून लांबायला आणि निवून आखडायला लागला आणि मिक्सरमागचे ४ एल्बो पाझरले. टाइल फोडल्या तेव्हा पाइपवरची छपाई दिसली: एसडीआर १३.५. एल्बोवर तर नावच नाही.

दुकानदार म्हणतो, प्लंबरने बदलले असतील. कंपनीचा माणूस म्हणतो, पाइप आमचाच, पण फिटिंग दुसरे, म्हणून हमी रद्द. तक्रार कार्यालयाने सांगितलं, माल तपासायला आणा. भिंतीतला? टाइलखालचा? फोटो दिले तर म्हणाले, हा पुरावा नाही; तुकडे नेले तर, हे त्याच बिलातले कशावरून? अरे, मग बिल कशासाठी असतं! दुकानदाराला साधा फोनही करायला कुणी तयार नाही.

माल उतरतानाच प्रत्येक पाइपवरची छपाई वाचा, बिलाशेजारी धरून फोटो काढा. जाडी मोजायला व्हर्नियर मागा. पाइप, फिटिंग, सोल्यूशन एकाच कंपनीचं. थंड पाण्याचा पांढरा यूपीव्हीसी कुणी गरम लाइनला सुचवला तर सरळ हाकला; ६० अंशांना त्याची ताकद पावसुद्धा उरत नाही. आणि प्लास्टरआधी हातपंपाने १० बार चढवून तासभर काटा बघा. काटा उतरला तर प्लंबरचा हिशेब तिथेच थांबवा.