स्मोक अलार्म: बॅटरी संपायच्या खूप आधीच का बोंबलतो? (वर्षभराच्या वापरानंतर)

आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर टॉवेल शिवून पॅक करण्याचं काम चालतं. सोलापुरात अशी घरं पुष्कळ आहेत: खाली सूत, टॉवेल, खोकी आणि वर माणसं. त्यामुळे जिन्याच्या छताला ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा स्मोक अलार्म लावला. अलार्म म्हणून तो उत्तम आहे. आवाज वरच्या बंद खोलीतही ऐकू येतो. सुताचे बारीक तंतू आत जाऊन तो खोटा वाजू नये म्हणून जाळीवरून अधूनमधून व्हॅक्यूम फिरवावा लागतो, एवढंच. पण ज्या गोष्टीला लोक वैतागून अलार्म काढून टाकतात, त्या 'पीप'बद्दल सविस्तर लिहायचंय.

जानेवारीत पहाटे साधारण मिनिटाला एक असा बारीक पीप सुरू झाला. ऊन चढलं की बंद, दुसऱ्या पहाटे पुन्हा सुरू. आई म्हणाली, "काढून ठेव की ते, झोप नाही नुसती." मी बॅटरी काढून मीटर लावला तर ७.९ व्होल्ट! म्हणजे मेलेली मुळीच नाही. मग हा ओरडतोय कशाला?

खरी गोष्ट अशी, की अलार्म नुसता व्होल्टेज बघत नाही, भार टाकून बघतो. आतली चिप ठरावीक वेळाने लाल दिवा क्षणभर लावते आणि त्याच क्षणी व्होल्टेज किती खाली बसतं ते तपासते. बऱ्याच अलार्मांत ही मर्यादा साडेसात व्होल्टच्या आसपास असते. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो, आणि थंडीत आणखी वाढतो. मी बॅटरीला ३३० ओहमचा रेझिस्टर जोडून पाहिलं. पहाटे ७.९ चे ७.१ झाले. दुपारी तीच बॅटरी ७.४ वर थांबली. नवीन अल्कलाइन बॅटरी मात्र याच भाराला जेमतेम दशांशभर हलली. दिव्याचा भार या रेझिस्टरच्या निम्म्याहून कमी, म्हणून पहाटे बॅटरी मर्यादेला टेकायची आणि दुपारी वर राहायची. पहाटेच पीप का, याचं उत्तर इथे आहे. अलार्ममध्ये बिघाड नव्हता.

आता मुख्य प्रश्न, इतक्या लवकर का? नेहमी अलार्म अगदी थोडा करंट खातो, काही मायक्रोअँपिअर. महिनाभरात पाच-सात मिलीअँपिअर-तास. भोंगा चार मिनिटं वाजला तरी खर्च दोनेक मिलीअँपिअर-तासच. बॅटरीत याच्या कितीतरी पट शिल्लक असते. अडचण साठ्याची नाही, जोराची आहे. टाकीत पाणी असूनही वरच्या मजल्याच्या नळाला धार येत नाही, तसं. भोंग्याला एकदम वीस-तीस मिलीअँपिअर लागतात. आतला रोध वाढलेल्या बॅटरीचं व्होल्टेज तेव्हा कोसळतं आणि आवाज बारीक होतो. झोपलेल्या माणसाला उठवायला तो पुरत नाही.

म्हणून मानकांनी हिशेब उलटा मांडलाय. युरोपच्या ईएन १४६०४ प्रमाणे पीपचा इशारा सुरू झाल्यावर तो किमान ३० दिवस चालला पाहिजे, आणि इशारा सुरू होतो त्या घडीला आग लागली तर पूर्ण अलार्म ४ मिनिटं वाजण्याइतका दम बॅटरीत हवा. अमेरिकेच्या यूएल २१७ मध्ये इशाऱ्याचे किमान ७ दिवस आणि ४ मिनिटांचा अलार्म. कुटुंब महिनाभर गावाला गेलं असलं तरी परत आल्यावर पीप ऐकू यावा, हा त्यामागचा हेतू मला पटतो. पहिल्या पीपला बॅटरी अर्धवट भरलेली असणं हा दोष नाही, मुद्दाम ठेवलेली राखीव जागा आहे. माझी ती बॅटरी आता मल्टिमीटरमध्ये व्यवस्थित चालते, कारण मीटरला जोर लागतच नाही.

बॅटरी घेताना मात्र बघून घ्या. दुकानात स्वस्तातली साधी झिंक-कार्बन मिळते. तिचा आतला रोध मुळातच जास्त, त्यामुळे पीप फार लवकर लागतो. पाकिटावर 'अल्कलाइन' असं बघूनच घ्या. रिचार्जेबलही इथे नको. तिचं व्होल्टेज मुळात कमी असतं आणि ती नुसती पडून राहूनही उतरते.

नवीन बॅटरी घातल्यावर टेस्टचं बटण दाबून धरा आणि पूर्ण भोंगा ऐका. त्यानंतरही पीप चालूच राहिला तर आधी बॅटरीच्या क्लिपा घट्ट बसल्यात का ते पाहा, मग मागच्या लेबलवरची तारीख. बहुतेक अलार्मांचं आयुष्य दहा वर्षांपर्यंतच धरतात. ते उलटल्यावरचा पीप नव्या बॅटरीने थांबत नाही, अलार्मच बदलावा लागतो.