सलाइनची नळी मध्येच संपली होती

माझे १४,५०० रुपये गेले. आधी ९,५००, दुसऱ्या दिवशी ५,०००. अपघातात जखमी झालेल्या मुलीचे दोन फोटो, खाली उपचाराच्या मदतीसाठी क्यूआर कोड, आणि पाठवणारी सख्खी मावशी. तिच्यावर संशय कसा घेणार? पण व्हॉट्सॲपच्या त्या मेसेजवर दोन बाण होते. म्हणजे तो कितीतरी हातांतून फिरून तिच्यापर्यंत आला होता, तिला त्या मुलीची काहीच माहिती नव्हती.

मी डोळे मिटून पैसे टाकले असं कुणी म्हणू नका. इमेज सर्च केलं होतं. फोटो कुठेच सापडला नाही, म्हणून मी तो खरा मानला. घोडचूक! सर्चमध्ये दुसरीकडून उचललेला जुना फोटो सापडतो. एआयने कालच बनवलेला सापडणार कुठून? एआय बोटं चुकवतं असं ऐकलं होतं, म्हणून तीही मोजली, पाचच होती. हल्ली ती बहुतेकदा बरोबर येतात, त्यावर विसंबू नका.

आणि ती नळी. फोटो मोठा केला तेव्हा मला स्पष्ट दिसलं होतं: हातावरच्या सुईपासून निघालेली सलाइनची नळी चादरीच्या घडीत शिरली आणि तिथेच संपली. बाटली वर लटकत होती, तिला नळीच नव्हती. मी मनाची समजूत घातली, फॉरवर्ड होऊन फोटो खराब झाला असेल. अहो, फॉरवर्ड होऊन फोटो फार तर पुसट होईल, वस्तू गायब होत नाहीत! पुसट नळीसुद्धा बाटलीपर्यंत जायलाच हवी. दोन्ही फोटो शेजारी ठेवले असते तरी कळलं असतं. कपाळावरची पट्टी एकात उजवीकडे, दुसऱ्यात डावीकडे. फोटो उलटा झाला म्हणावं, तर सुई दोन्हीकडे डाव्याच हातात. पैसे पाठवताना स्क्रीनवर आलेलं नावही मुलीच्या वडिलांचं नव्हतं. नातेवाईक असेल म्हणून मी पुढे गेलो.

फोटोत खोट सापडली नाही म्हणजे तो खरा ठरत नाही. हॉस्पिटलचा नंबर स्वतः शोधून फोन करा, मेसेजमधला नंबर लावू नका.

तक्रार करायला गेलो तर ऐकवलं, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" बँकेने पोलिसांकडे पाठवलं, पोलिसांनी बँकेकडे. चार खेपा झाल्या. मग म्हणाले, मूळ फोटो आणा. मूळ आणू कुठून? ॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातली कॅमेऱ्याची माहिती निघून जाते, हे मी त्यांना समजावत होतो! त्यात मावशीने लाजेपोटी मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केलेला. तिला रागावलो नाही, पण तुमच्याकडे असं झालं तर एकही मेसेज पुसू देऊ नका. व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि त्याच तासात बँकेला कळवा. मी दोन दिवस लाजून गप्प बसलो, तेवढ्यात पैसे गेलेलं ते खातं रिकामं झालं होतं.

काल तेच दोन फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आले. मुलीचं नाव वेगळं, क्यूआर कोड नवा.