चुकीच्या क्लायंटकडे गेलेलं पगारपत्रक: आधी फोन की मेल, आणि माफी कोणत्या शब्दांत?

आमच्या कर सल्लागार कार्यालयात दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला पगारपत्रकांची घाई असते, कारण सात तारखेच्या आत कामगारांच्या खात्यावर पगार पडायला हवा. अशाच एका संध्याकाळी 6 वाजून 10 मिनिटांनी भोसरीतल्या एका कारखान्याचं पगारपत्रक माझ्या हातून त्याच एमआयडीसीतल्या दुसऱ्या कारखान्याच्या अकाउंटंटला गेलं. दोन्ही कंपन्यांच्या नावातला पहिला शब्द एकच. पत्त्याच्या रकान्यात तीन अक्षरं टाइप केली आणि खाली जे नाव आलं त्यावर एंटर दाबला. फाइलमध्ये 38 जणांची नावं, पॅन, बँक खाते क्रमांक आणि हातात पडणारा पगार होता. दोन्ही कारखाने आमचेच क्लायंट. दोघांकडे सीएनसी मशीन आहेत, आणि चांगला ऑपरेटर दुसरीकडे जाऊ नये म्हणून दोघंही जपून असतात. एकाचे पगार दुसऱ्याला कळणं म्हणजे काय, हे मला पाठवल्याच्या पुढच्याच मिनिटाला समजलं.

तुमच्यावर आत्ता हीच वेळ आली असेल, तर पुढच्या तासाभरात काही निवडी कराव्या लागतील. प्रत्येक ठिकाणी दोन वाटा दिसतात. मला कोणती बरी वाटते, ते कारणासकट सांगते.

मेल मागे घ्यायचा की विनंती करायची

जीमेलमध्ये पाठवलेला मेल रद्द करायची मुदत सुरुवातीला 5 सेकंदांची असते आणि सेटिंग्जमध्ये जाऊन ती जास्तीत जास्त 30 सेकंद करता येते. त्यानंतर मेल समोरच्याचा झाला. आउटलुकमध्ये Recall आहे, पण ते एकाच संस्थेच्या आतल्या मेलसाठी चालतं. बाहेरच्या क्लायंटला गेलेला मेल त्याने परत येत नाही. अनेकजण Recall दाबून निश्चिंत होतात आणि तासभर वाया जातो.

फाइल जोडण्याऐवजी गूगल ड्राइव्हची लिंक पाठवली असेल, तर मात्र आधी तिथे जाऊन त्या व्यक्तीचा ॲक्सेस काढा आणि मगच फोन उचला. फाइल तोवर डाउनलोड झाली नसेल, तर बराचसा प्रश्न तिथेच मिटतो. जोडून गेलेल्या फाइलला हा उपाय नाही. तिथे विनंती हाच मार्ग.

फोन आधी की मेल आधी

मेलच्या बाजूने एकच मुद्दा आहे: लेखी राहतं. फोनच्या बाजूने वेळ आहे. संध्याकाळी सहाला अकाउंटंट मंडळी निघायच्या तयारीत असतात. मेल उद्या सकाळी वाचला जाईल, आणि तेव्हा तो तुमचा पहिला मेल आधी उघडेल की दुसरा, हे आपल्या हातात नाही. मी फोन केला तेव्हा त्या बाई लॅपटॉप बंद करत होत्या. मी एवढंच बोलले: "मॅडम, 6.10 ला माझ्याकडून तुम्हाला एक मेल चुकून आलाय. दुसऱ्या क्लायंटचा आहे. उघडू नका, मी लगेच लेखी पाठवते." त्यांनी तो उघडलेला नव्हता. मेलवर अवलंबून राहिले असते, तर सकाळी त्यांनी तो नक्की उघडला असता.

म्हणून फोन आधी. मेल त्यानंतर पाच मिनिटांत, पण नवा मेल म्हणून. जुन्याच मेलवर उत्तर दिलंत, तर जीमेल दोन्ही एकाच धाग्यात दाखवतं आणि फाइल पुन्हा त्यांच्या नजरेसमोर येते. नवा मेल यादीत सगळ्यात वर बसतो आणि विषयाची ओळच काम करते: "सायं. 6.10 चा मेल चुकून आला आहे, कृपया उघडू नये."

"डिलीट करा" एवढंच, की नेमकं काय काय

मोघम विनंती सभ्य वाटते आणि समोरच्याला ओझं होत नाही. पण जीमेलमधून डिलीट केलेला मेल 30 दिवस ट्रॅशमध्ये पडून राहतो. फाइल एकदा उघडली असेल, तर डाउनलोड्स फोल्डरमध्ये तिची प्रत असू शकते. तोच मेल मोबाइलवरही येतो. कुणी "हे आपलं आहे का बघा" म्हणून शेजारच्या टेबलावर व्हॉट्सॲप केलेली असते. ही शेवटची शक्यता आम्हाला कुणालाच सुचली नव्हती, आमच्या वरिष्ठांनी ती विचारायला लावली.

म्हणून नेमकं लिहिणंच बरं. मात्र फाइलमध्ये काय आहे ते त्या मेलमध्ये लिहू नका. माझ्या पहिल्या मसुद्यात "यात 38 कामगारांचे पगार आहेत" असं वाक्य होतं. ते वाचून कुणाचाही हात फाइलकडे जाईल. शेवटी गेलेला मेल असा:

> नमस्कार मॅडम,
> आज सायं. 6.10 वाजता माझ्याकडून आपल्याला दुसऱ्या क्लायंटचा मेल चुकून आला आहे. ही चूक पूर्णपणे माझी आहे, त्याबद्दल दिलगीर आहे.
> कृपया तो मेल न उघडता डिलीट करावा आणि ट्रॅशमधूनही काढावा. फाइल उघडली किंवा डाउनलोड झाली असल्यास ती प्रतही काढावी. कुणाला पाठवली गेली असल्यास मला तेवढं कळवावं, म्हणजे त्यांच्याशी मी बोलेन.
> हे झाल्यावर "डिलीट केलं" एवढं उत्तर याच मेलवर द्यावं, ही विनंती. फाइल परत पाठवण्याची गरज नाही.

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. चांगल्या मनाची माणसं "ही घ्या तुमची फाइल" म्हणत ती परत पाठवतात, आणि त्यांच्या पाठवलेल्या मेलमध्ये आणखी एक प्रत तयार होते. धमकीचा सूरही टाळला आहे. "कायदेशीर कारवाई होईल" असं लिहिणारी कार्यालयं मी पाहिली आहेत. ज्यांनी काहीच चूक केलेली नाही, त्यांच्याशी हे बोलणं मला पटत नाही. त्याने उत्तर लवकर येतं असंही नाही. उलट ते आपल्या वकिलाला विचारायला जातात.

ज्याची फाइल आहे त्याला आत्ता सांगायचं, की डिलीट झाल्यावर

इथे मन सगळ्यात जास्त खेचतं. "आधी डिलीट होऊ दे, मग सांगू की सगळं निस्तरलंय" असं वाटतं, आणि त्यात तथ्यही आहे, कारण पूर्ण बातमी देता येते. पण ते उत्तर त्या रात्री आलं नाही तर? एमआयडीसीतली माणसं एकाच कॅन्टीनमध्ये जेवतात. मालकाला हे दुसऱ्याकडून कळलं, तर माफीला काही अर्थ उरत नाही.

दुसरं कारण कायद्याचं आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 प्रमाणे वैयक्तिक माहिती चुकून उघड होणं हाही भंगच आहे. कामगारांच्या माहितीची जबाबदारी कारखान्याची. आपण त्याच्या वतीने काम करणारे. त्यामुळे डेटा संरक्षण मंडळाला आणि कामगारांना कळवायचं कर्तव्य मालकाकडे येतं. नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या नियमांत मंडळाला तपशील देण्यासाठी 72 तासांची मुदत आहे. ही कर्तव्यं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, पण आपण उशीर केला की वेळ त्याचा जातो, हे आजही तितकंच खरं.

म्हणून मी त्याच तासात, 6.40 ला, मालकांना फोन केला आणि लगेच लिहिलं. कळवताना चुकीचा मेल पुरावा म्हणून फॉरवर्ड करू नका. फाइल पुन्हा प्रवासाला निघते, आणि घाईत पत्ता पुन्हा चुकू शकतो. वेळ आणि फाइलचं नाव मजकुरात लिहिलं की पुरे.

माफी: लांब की थेट

पहिला मसुदा कार्यालयात सगळ्यांना आवडला होता:

> आमच्याकडून अनवधानाने काही तांत्रिक कारणास्तव गैरसोय झाली असल्यास आम्ही मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो. आपल्या माहितीची गोपनीयता आमच्यासाठी सर्वोच्च आहे.

यात काय झालं ते कळतच नाही. "तांत्रिक कारण" खोटं आहे, पत्ता माणसाने निवडला होता. "झाली असल्यास" हा शब्द तर मालकांना सरळ टोचला असता. तो काढून आम्ही हे पाठवलं:

> नमस्कार साहेब,
> फोनवर सांगितल्याप्रमाणे, आज सायं. 6.10 ला आपल्या कारखान्याचं या महिन्याचं पगारपत्रक माझ्या चुकीने आमच्या दुसऱ्या एका क्लायंटच्या अकाउंटंटना गेलं. त्यात 38 कामगारांची नावं, पॅन, खाते क्रमांक आणि निव्वळ पगार आहेत. याबद्दल मी आपली माफी मागते.
> 6.15 ला मी त्यांना फोन केला. फाइल उघडलेली नाही असं त्यांनी सांगितलं. डिलीट करण्याची लेखी विनंती 6.20 ला गेली आहे. त्यांचं लेखी उत्तर अजून आलेलं नाही. उद्या सकाळी 11 पर्यंत, आलं तरी आणि नाही आलं तरी, मी आपल्याला फोन करेन.

दुसऱ्या क्लायंटचं नाव पत्रात नाही, कारण त्यांचीही गोपनीयता आपल्याकडेच आहे. मालकांनी फोनवर नाव विचारलंच. मी म्हटलं, "साहेब, त्यांना विचारून सांगते." वरिष्ठांनी त्या रात्री दुसऱ्या बाजूची परवानगी घेतली आणि मगच सांगितलं. मालक "हो, ओळखतो मी त्यांना" म्हणाले आणि थोडे शांत झाले.

हा थेट मसुदा लिहिणं जड जातं, कारण "उत्तर आलेलं नाही" हे वाक्य आपल्या विरुद्ध जातं. तरी तेच वाक्य वाचून मालकांनी पुढचं सगळं मानलं. सकाळी 9.50 ला "डिलीट केलं, ट्रॅशमधूनही" असं उत्तर आलं. ते मी जसंच्या तसं, फाइल न जोडता, त्यांना कळवलं.

त्यावर मालकांचा एकच प्रश्न होता: कामगारांची खाती बदलायची का? नुसत्या खाते क्रमांकावरून पैसे काढता येत नाहीत, पण नाव, खाते आणि पगार ठाऊक असलेला माणूस बँकेतून बोलतोय असं भासवून ओटीपी मागू शकतो. म्हणून खाती तशीच ठेवली. त्या दिवशी दुपारच्या पाळीला सुपरवायझरनी 38 जणांना एकत्र उभं करून काय घडलं ते सांगितलं, आणि पगाराचा उल्लेख करून कुणी ओटीपी मागितला तर फोन ठेवून थेट ऑफिसात या, असं बजावलं.