डाउन पेमेंट: परतावा वाढवावा की हप्ता?

बडोद्यात मांजलपूरला ५० लाखांचा फ्लॅट घ्यायचा, तर बँक ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते. १० लाख आपले. समजा हाताशी ३ लाख आहेत आणि महिन्याला १२,००० टाकता येतात. एफडी-आरडीत ७ टक्क्यांनी, कर सोडून, ४५ महिने लागतात.

सगळं इक्विटी फंडात घालून १२ टक्के धरले, तर ३९. आणि आरडीचाच हप्ता १५,००० केला तर ३८! एवढ्या कमी मुदतीत व्याजाला वाढायला वेळच मिळत नाही, रक्कम मुख्यतः खिशातूनच जमते. शिवाय १२ टक्के हा अंदाज. शेवटच्या वर्षी बाजार पडला तर घर लांबतं. मी तर हप्ताच वाढवेन.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे साधारण ३ लाख मात्र वेगळे धरा.