अजून न जन्मलेल्या नातवंडाला घर द्यायचंय: बक्षीसपत्रातली तीन कलमं शेजारी ठेवून

समजा, एका आजींचं स्वकष्टाचं घर आहे. यजमान हयात नाहीत, मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा 32 वर्षांचा आहे आणि त्याला अजून मूल नाही. आजींना घर मुलाकडून विकलं जायला नको आहे. मुलाने तिथे आयुष्यभर राहावं आणि मग ते त्याच्या मुलाला मिळावं, इतकीच इच्छा. जून 2025 मध्ये त्या बक्षीसपत्र करायचं ठरवतात. वकिलाने तीन मसुदे दिले, तर कोणता घ्यावा?

आधी एक अडचण. न जन्मलेल्या व्यक्तीला थेट बक्षीस देता येत नाही, कारण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 नुसार हस्तांतरण हयात व्यक्तीलाच होतं. मधे कोणाला तरी हयातीतला हक्क द्यावा लागतो. इथे तो मुलाला. स्वीकारही आजींच्या हयातीत मुलानेच करायचा. त्याच्यामागे येणाऱ्याला किती द्यायचं आणि कधी द्यायचं, हे दोन प्रश्न उरतात. कलम 13 ‘किती’ बघतं आणि कलम 14 ‘कधी’. बहुतेक मसुदे या दोन प्रश्नांची गल्लत केल्यामुळे फसतात.

पहिला मसुदा म्हणतो: “माझ्या मुलाला हयातीपर्यंत, त्यानंतर त्याच्या पहिल्या अपत्याला पूर्ण मालकीने.” हा टिकतो. मुलाच्या हयातीनंतर उरलेला सगळा हक्क नातवंडाला दिला आहे, म्हणून कलम 13 समाधानी. हक्क मुलाच्या मृत्यूपर्यंत नक्की लागणार, म्हणून कलम 14 चीही हरकत नाही. अट एकच, मुलगा जाईपर्यंत नातवंड जन्मलेलं किंवा गर्भात असायला हवं.

दुसरा मसुदा एक शब्दसमूह वाढवतो: “…त्याचं पहिलं अपत्य 25 वर्षांचं झाल्यावर त्याला.” आजींच्या मनात काळजी असते की पोरगं लहानपणी घर उधळेल. वाक्य साधं वाटतं, पण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. कायदा हयात व्यक्तीचं आयुष्य आणि त्यानंतर एका पिढीचं अज्ञानत्व, म्हणजे 18 वर्षं, एवढीच मुभा देतो. हिशोब करू या. नातवंड 2028 मध्ये जन्मलं आणि मुलगा 2030 मध्ये गेला, तर नातवंड दोन वर्षांचं असतं. मुदत 2046 पर्यंत पोचते, पण मसुद्याप्रमाणे हक्क 2053 मध्ये लागेल. मसुद्यातलं हे कलम रद्द. मुलगा प्रत्यक्षात 2060 पर्यंत जगला आणि नातवंड बापासमोरच पस्तिशीकडे गेलं, तरीही कलम रद्दच राहतं. कारण तपासणी बक्षीसपत्र केल्याच्या दिवसाची होते: उशीर होण्याची शक्यता त्या दिवशी होती का? होती. पुढे काय घडलं याला किंमत नाही.

मग काय होतं? मुलाचा हयातीतला हक्क टिकतो. पुढचा उरलेला हक्क कोणालाच दिलेला नाही असं मानलं जातं आणि तो आजींकडेच राहतो. आजी मृत्युपत्राविना गेल्या तर तो मुलगा आणि मुलगी यांच्यात समान वाटला जातो. म्हणजे नातवंडाच्या नावाने मांडलेलं घर अर्धं लेकीकडे आणि अर्धं त्याच मुलाकडे जातं, ज्याला ते विकता येऊ नये म्हणून सगळा खटाटोप होता.

“25 ऐवजी 18 लिहू या,” असं लगेच सुचतं. कलम 14 च्या दृष्टीने हे चालतं. पण मी तरी ही अट घालणार नाही. मृत्युपत्रांना लागू असलेल्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या अशाच शब्दांच्या कलम 113 वर, तेव्हाचं सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1944 मध्ये सोफर खटल्यात म्हटलं होतं की, न जन्मलेल्याचा हक्क एखाद्या अटीने हुकू शकत असेल तर त्याला पूर्ण उरलेला हक्क मिळालाच नाही. म्हणजे घड्याळाच्या परीक्षेत पास झालेली अट दुसऱ्या परीक्षेत नापास होऊ शकते. “मालकी जन्मताच, पण 25 व्या वर्षापर्यंत विकता येणार नाही” हाही मार्ग नाही. पूर्ण मालकी देऊन विक्रीवर बंधन घातलं, तर कलम 10 ते बंधन मोडीत काढतं.

तिसरा मसुदा नातवंडावरही पहारा बसवतो: “मुलाला हयातीपर्यंत, मग नातवंडाला हयातीपर्यंत, मग पणतवंडाला पूर्ण.” नातवंड आज नाही, त्याला फक्त हयातीतला हक्क दिलेला आहे. कलम 13 ला हे मान्य नाही, वेळ कितीही योग्य असली तरी. आणि कलम 16 मुळे त्यावर अवलंबून असलेला पणतवंडाचा हक्कही पडतो. 1934 च्या गिरिजेश दत्त विरुद्ध दातादीन खटल्यात असंच झालं. भावी मुलींना विक्रीचा अधिकार नसलेला हक्क दिला होता. तो पडला आणि त्यामागे असलेला हयात पुतण्याचा हक्कही गेला.

पहिला मसुदा निवडतानाही एक किंमत मोजावी लागते. कलम 20 नुसार नातवंडाला हक्क जन्मताच निहित होतो, म्हणजे पक्का मिळतो, ताबा मात्र वडिलांच्या मागे. नातू दहा वर्षांचा असताना गेला तर हा हक्क त्याचे वारस घेतात. हिंदू वारसा कायद्यात अशा नातवाची पहिल्या वर्गातली वारस त्याची आई, वडील नव्हेत. घर सुनेकडे जाणार हे आजींना आधीच समजलेलं बरं. अपत्यच झालं नाही, तर “मग माझ्या मुलीला” असं स्पष्ट लिहून ठेवावं. हयात मुलीसाठीचा हा हक्क चालतो.

आता मोठा पर्याय: बक्षीसपत्र की मृत्युपत्र? नियम तेच आहेत, पण बक्षीसपत्रात घड्याळ ते केल्याच्या दिवशी सुरू होतं, तर मृत्युपत्रात आजींच्या मृत्यूच्या दिवशी. आजी जाण्याआधी नातवंड जन्मलं, तर ते तेव्हा ‘हयात व्यक्ती’ असतं. मग 25 व्या वर्षाची अट टिकते आणि फक्त हयातीतला हक्क देणंही टिकतं. शिवाय मृत्युपत्र बदलता येतं. बक्षीसपत्र एकदा स्वीकारलं की साधारणपणे मागे घेता येत नाही, त्यामुळे मसुद्यातली चूक कायमची राहते. बक्षीसपत्राच्या बाजूने एक गोष्ट आहे: घर आजच मुलाच्या ताब्यात जातं आणि पुढे मृत्युपत्रावरून वाद होण्याची भीती उरत नाही. ज्या आजींना मुलाची आजची अडचण सोडवायची आहे, त्यांनी पहिला मसुदा बिनअटीचा घ्यावा. ज्यांना वयाची अट सोडवत नाही, त्यांनी मृत्युपत्र करावं किंवा सून गरोदर होईपर्यंत थांबावं, कारण गर्भातलं बाळही अस्तित्वात मानलं जातं. मुस्लिम व्यक्तीने दिलेल्या बक्षिसाला, म्हणजे हिब्याला मात्र हा हिशोब लागू नाही, त्याचे नियम वेगळे आहेत.